‘प्लीज एक चान्स द्या’ खोडून काय लिहायचं: ब्रँडला टॅग करून टाकलेली पिच परत लिहिताना

मी लातूरात एका लाकडी घाण्याच्या तेलाच्या छोट्या ब्रँडचं इन्स्टा बघते. बघते म्हणजे रील टाकणे, ‘उदगीरला डिलिव्हरी आहे का’ ला उत्तर देणे, कुरिअरवाल्याला फोन लावणे आणि डबा लीक झाला तर शिव्या खाणे, सगळं एकटीच. बहुतेक छोट्या ब्रँडात असंच असतंय बरं का, तिकडं कुणी मार्केटिंग टीम गोल टेबलाभोवती बसलेली नसते. तर अशा माझ्यासारखीला महिन्यात कितीतरी जण पब्लिक पोस्ट करून टॅग करतात, कोलॅब करा म्हणून. सगळ्यांची भाषा इतकी सारखी असते की नाव झाकलं तर कुणाची कुठली ओळखू येणार नाही.

मागच्या वर्षी औसा तालुक्यातल्या एका पोरीनं असंच टॅग केलं. स्वयंपाकाचे रील करते, हात चांगला आहे, आवाज तर एकदम घरातला. पण पोस्ट अशी होती:

> नमस्कार सर/मॅम 🙏🙏 मी एक छोटी फूड क्रिएटर आहे, 3,800 फॉलोवर्स आहेत. मला तुमच्या ब्रँडसोबत काम करायची खूप खूप इच्छा आहे. तुमचं तेल एक नंबर आहे, हार्टसाठी बेस्ट. माझा एक रील 41 हजार गेला होता. प्लीज एक चान्स द्या, फ्री प्रॉडक्टवर पण करीन, पैशाचं काही नाही. खूप दिवसापासून ट्राय करायलेय, कुणीच रिप्लाय देत नाही. प्लीज रिप्लाय द्या 🙏🙏

खाली स्वतःचा मोबाईल नंबर, आणि टॅग पाच ब्रँड. त्यात आम्ही, आमच्यासारखाच अजून एक घाणावाला, आणि एक रिफाइंड तेलवाला. म्हणजे ‘तुमचं तेल एक नंबर’ हे नेमकं कुणाला, ते आम्हालाच कळंना.

तिला मी डीएम केला, म्हणलं रागावू नको पण ही पोस्ट काढ आणि नंबर तर आधी काढ. ती म्हणली, ताई मग लिहू कसं तेवढं सांगा. मग दोन संध्याकाळ बसून आम्ही ती परत लिहिली. तेच इथं देतेय, तिला विचारूनच. तुमचा विषय तेल नसेल, साड्या असतील, खत-बियाणं असेल, तरी रस्ता हाच आहे.

आधी खोडायचं

जुनी पिच समोर घ्या आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा, ब्रँडचं नाव बदललं तर हे वाक्य बदलतंय का? ‘तुमच्यासोबत काम करायची इच्छा आहे’, नाही बदलत. ‘एक चान्स द्या’, नाही. ‘तुमचं प्रॉडक्ट एक नंबर’, नाही. तिच्या पोस्टमधलं फक्त एक वाक्य तेलाला धरून होतं, ‘हार्टसाठी बेस्ट’, आणि नेमकं तेच सगळ्यात धोक्याचं निघालं. खाण्याच्या वस्तूच्या जाहिरातीत तब्येतीचा दावा करायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचे नियम आहेत, पुरावा लागतो. आम्ही स्वतः डब्यावर तसलं काही लिहीत नाही आणि ही आमच्या नावाला टॅग करून लिहायली. मालकानं असलं बघितलं की पहिला विचार कोलॅबचा येत नाही, ही पुढं व्हिडिओत काय बोलून बसंल याचा येतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, केस गळणे, वजन, हे शब्द पिचमध्ये दिसले तर आधी खोडा.

‘कुणीच रिप्लाय देत नाही’ हे पण गेलं पाहिजे. खरं असेल, वाईट पण वाटतं, पण वाचणाऱ्याला काय कळतं? की बाकीच्यांनी नाही म्हणलंय. आणि माझ्यावर उगं एक ओझं, की आता हिला उत्तर नाही दिलं तर मी वाईट. असं ओझं आलं की माणूस उत्तर टाळतो, मीही टाळलेलं आहे.

‘सर/मॅम’ बद्दल लोक हसतील, पण ती तिरकी रेघ खटकतेच. नाव माहीत असेल तर ताई-दादा लावून नाव घ्या, नसेल तर नुसतं ‘नमस्कार’ आणि ब्रँडचं नाव. चार हात जोडलेले टाकून मान जास्त होत नाही. आणि टॅग एकच. पाच ब्रँड हवे असतील तर पाच वेगळ्या पिच, वेगळ्या दिवशी.

खोडून झाल्यावर तिच्याकडं उरलं काय, तर ‘नमस्कार’ आणि ‘3,800 फॉलोवर्स’. तोंड बारीक झालं तिचं. पण तिथूनच सुरू करायचं असतंय.

मग अर्धा तास ब्रँडच्या पेजवर

फोटो बघायचे नाहीत, कमेंट वाचायच्या. मागच्या दहा-बारा रीलच्या खाली लोक काय विचारायलेत ते वहीवर लिहून काढा. तिनं आमच्या पेजवर हे केलं आणि एक गोष्ट तिला पटकन दिसली, जी मला रोज दिसून दिसून दिसेनाशी झाली होती. शेंगदाणा तेलाच्या रीलखाली पुन्हा पुन्हा एकच शंका, ‘तळताना फेस येतो, भेसळ आहे का?’

भेसळ नसते. घाण्याचं तेल रिफाइंड केलेलं नसतं, त्यामुळं त्यात दाण्यातले काही चिकट घटक तसेच राहतात आणि ओलं पीठ गरम तेलात पडलं की पाण्याची वाफ होऊन त्या चिकटपणामुळं फेस धरतो. रिफायनरीत तेल स्वच्छ करताना ते घटक काढून टाकतात म्हणून त्या तेलाला एवढा फेस येत नाही. मी हे कमेंटमध्ये शंभरदा टाइप केलंय. टाइप केलेलं कोण वाचतंय.

तर तुम्हाला शोधायची आहे ती अशी जागा, जिथं ब्रँडला रोज तेच तेच उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक धंद्यात एक तरी असतीच. साडीवाल्याला ‘खरी जर आहे का’, लोखंडी तवावाल्याला ‘गंज धरतोय’, बियाणंवाल्याला ‘आमच्या काळ्या रानात चालंल का’.

याच वेळेला अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक, ते तुमच्या भागात माल देतात का. डिलिव्हरी फक्त पुण्या-मुंबईत आणि तुमचं प्रेक्षक निलंगा-औसा असेल तर दोघांचाही वेळ जाईल. दोन, आत्ता त्यांचं काय चालू आहे. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आम्हाला डबे भरायला दिवस पुरत नाही, त्यात आलेली पिच खाली जाते ती कायमची. येळवशीच्या सणावर काही करायचं असेल तर मार्गशीर्ष अमावस्येच्या आठवड्यात टॅग करून उपयोग नाही, महिना-सव्वा महिना आधी बोला. आणि पेजवर कुणी गिऱ्हाईक खराब मालावरून भांडत असेल तर त्या दिवशी तर अजिबात नको.

वस्तू वापरलीय का, खरं सांगा

तिच्या घरात आमचा एक लिटरचा डबा खरंच होता, लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेला. हे तिनं पहिल्या पिचमध्ये लिहिलंच नव्हतं! ‘एक नंबर’ लिहिलं पण ‘डबा घरात आहे’ नाही लिहिलं. मी म्हणलं अगं एवढी मोठी गोष्ट.

मग तिला म्हणलं पिचमध्ये काही लिहायच्या आधी घरी करून बघ. तिनं पालकाची भजी तळली, दोनदा. पहिल्यांदा कढई अर्धी भरून, तर फेस वर आला आणि काठावरून गॅसवर उतू गेला, सासूबाईंनी बंद केला गॅस. दुसऱ्यांदा तेल कढईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच, मंद आचेवर निवांत तापवून, पालक धुऊन कपड्यावर कोरडा केलेला, आणि भजी एका वेळी चार-पाचच सोडली. फेस आला पण कढईतच राहिला, आणि दुसऱ्या घाण्याला बराच बसला. दोन्ही वेळेला मोबाईल लावून ठेवला होता. आता हिच्याकडं सांगायला काहीतरी आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडं नाही.

वस्तू वापरली नसेल तर ‘मी तुमची फॅन आहे’ कशाला लिहायचं. समजा तव्याचा ब्रँड आहे आणि तुमच्याकडं त्यांचा तवा नाही, तर सरळ लिहा, ‘तुमचा तवा अजून वापरलेला नाही, पण रोज ज्वारीच्या भाकरी लोखंडी तव्यावर करते आणि नवा तवा पहिल्या आठवड्यात का चिकटतो हे मला दाखवता येईल.’ वाचणाऱ्याला यात कमीपणा दिसत नाही. उलट पुढचं बोलणं खरं मानायला बरं पडतं.

आकडा कुठला द्यायचा

41 हजारवाला रील. सगळे तोच देतात, आपापला. मी काय करते सांगू? पिच आली की प्रोफाइल उघडते आणि शेवटचे दहा रील बघते, व्ह्यूज तिथंच दिसतात. तिचे असे होते: 900, 1,100, 1,250, 1,400, 1,600, 1,700, 2,100, 2,300, 3,000 आणि तो एक 41,000. सरासरी काढली तर 5,635 येते आणि ती पण खोटीच वाटती, कारण त्या एका रीलनं वर ओढलीय. मधोमध बघितलं तर साधारण 1,650. म्हणजे आम्ही काम दिलं तर बहुतेक दीड-दोन हजार लोक बघणार, 41 हजार नाही.

म्हणून तिनं लिहिलं, ‘माझे बहुतेक रील 1,000 ते 3,000 जातात.’ आधी तिला लाज वाटत होती की एवढं कमी कसं सांगू. पण ते मला प्रोफाइलवर दिसणारच होतं, आणि 41 वाचून आत गेल्यावर 1,400 दिसलं की बाकीच्या बोलण्यावरचा पण विश्वास जातो.

तिच्याजवळ याच्यापेक्षा भारी आकडा वेगळाच होता. अकाउंट प्रोफेशनल करून घेतलं (फुकट असतंय, सेटिंगमध्येच) की इन्साइट्समध्ये प्रेक्षक कुठल्या गावचे ते दिसतं. तिचे सगळ्यात जास्त लातूरचे, मग सोलापूर, मग पुणे. आमचं दुकानात जाणारं तेल लातूर-सोलापूर पट्ट्यातच विकलं जातं. मला मुंबईतल्या लाखभर लोकांपेक्षा हे दीड हजार जास्त कामाचे आहेत. हे तिला माहीतच नव्हतं, कधी उघडून बघितलं नव्हतं. तेवढा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण पब्लिकमध्ये टाकू नका, डीएममध्ये कामाला येतो.

पैशाचं काय

‘फ्री पण करीन’ हे पब्लिकमध्ये लिहूच नका. एकतर ते पुढच्या प्रत्येक ब्रँडला दिसतं, कारण टॅग करून टाकलेली पोस्ट फक्त मीच वाचते असं थोडंच आहे. दुसरं, वाचणाऱ्याच्या मनात येतं की हिला कामाची किंमत माहीत नाही तर काम पण तसंच असंल. पण रेट पण लिहू नका तिथं. गिऱ्हाइकं वाचत असतात, त्यांच्यासमोर पैशाची घासाघीस कुठल्याच मालकाला आवडत नाही.

आकडा स्वतःच्या मनात मात्र पक्का पाहिजे. तिनं मांडला: सामान चारेकशे रुपयांचं, शूटिंगला अर्धा दिवस, एडिटिंगला एक संध्याकाळ, एकदा दुरुस्ती. त्यावर तिनं स्वतःची मजुरी धरली. कुणी म्हणलं फक्त दोन डबे देतो, तर घ्यायचं का हे पण आधीच ठरवून ठेवा. पहिल्या एक-दोन कामाला वस्तूवर करायला हरकत नाही असं मला वाटतं, पण मग काम पण तेवढंच, एक रील. पाच स्टोऱ्या आणि महिनाभर बायोमध्ये लिंक असलं नाही.

शेवटी जे झालं ते

> नमस्कार. तुमच्या शेंगदाणा तेलाचा एक लिटरचा डबा सध्या आमच्या घरात चालू आहे. तुमच्या रीलखाली बऱ्याच जणी विचारतात की तळताना फेस का येतो, भेसळ आहे का. मी पालकाची भजी दोन वेळा तळून बघितली, एकदा फेस उतू गेला आणि एकदा कढईतच राहिला. फरक तेल किती घेतलं, कसं तापवलं आणि पालक किती ओला होता याचा होता. हे 40 सेकंदांच्या रीलमध्ये दोन कढया शेजारी ठेवून दाखवता येईल. मी औसा भागातून घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, बहुतेक रील 1,000 ते 3,000 जातात आणि बघणारे जास्त करून लातूर-सोलापूरचे आहेत. हा विषय तुमच्या कामाचा वाटला तर कळवा, दोन्ही वेळचं कच्चं शूटिंग डीएममध्ये पाठवते.

प्लीज नाही, चान्स नाही, कोलॅब हा शब्दच नाही बघा. आणि शेवटी मागितलं काय, तर फक्त ‘कळवा, शूटिंग पाठवते’. याला मी चहा पिता पिता ‘पाठवा’ एवढं टाइप करू शकते. ‘माझ्यासोबत काम कराल का’ ला उत्तर द्यायचं तर मालकाला विचारावं लागतं, मालक बाजारात असतो, मग ते राहतं ते राहतंच.

सोबत व्हिडिओ म्हणून फेस उतू जाणारा तीन सेकंदांचा तुकडा टाकायचा का, यावर आमचं थोडं वाजलं. ती म्हणायची तोच तर भारी आहे. मी म्हणलं आमच्या नावाला टॅग करून, आमच्या परवानगीशिवाय, आमचं तेल गॅसवर सांडताना? तुझा हेतू चांगला असंल पण बघणाऱ्याला तक्रार वाटंल. मग तिनं शांत तळणाऱ्या कढईचा फोटो टाकला. ब्रँडची अडचण पब्लिकमध्ये मांडताना एवढं जपायचं, शंका कमेंटमधून सगळ्यांना दिसतच असती, पण तिचा तमाशा आपण नाही करायचा.

टाकल्यानंतर

थांबायचं. आठ-दहा दिवस काही नाही आलं तर एकदाच डीएम, दोन ओळींचा, ‘अमुक दिवशी फेसाच्या रीलबद्दल लिहिलं होतं, बघायला वेळ मिळाला का’ एवढाच. अनोळखी माणसाचा डीएम रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो आणि तिथं आम्ही आठवड्यातून एखाद्या वेळी बघतो, म्हणून उशीर म्हणजे नकार असं धरू नका. ईमेल हवा असेल तर पाकिटाच्या पाठीमागं बघा, पॅक केलेल्या मालावर ग्राहक तक्रारीसाठी फोन-ईमेल छापावाच लागतो. तो तक्रारीचा आहे हे लक्षात ठेवून ‘हे कुणाला पाठवू’ एवढंच विचारा. त्याच्यानंतरही शांतता असेल तर विषय सोडा, पोस्ट काढून परत टाकू नका, आम्हाला दोन्ही नोटिफिकेशन येतात.

आणि एक सावधगिरी. पब्लिक पिच टाकली की दुसऱ्याच दिवशी काही अकाउंट येतात, ‘आम्ही ब्रँडकडून बोलतोय, सिलेक्शन झालंय, रजिस्ट्रेशनचे 499 भरा’ नाहीतर ‘डिस्काउंटमध्ये प्रॉडक्ट विकत घ्या, मग कोलॅब’. हिला पण दोन आले. काम देणारा पैसे मागत नाही. ज्या पेजला टॅग केलं त्याच पेजवरून मेसेज आलाय का, स्पेलिंगसकट, ते बघा. नव्या पिचमध्ये पण नंबर टाकला असता तर हेच फोनवर आलं असतं.

आमच्याकडं काय झालं ते पण सांगते. मी कच्चं शूटिंग मागवलं आणि मालकाला दाखवलं. मालक बघून म्हणले, “फेस दाखवायचाच कशाला? ज्यांना माहीत नाही ते पण घाबरतील.” मी तिला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणली, “काका, तेल न्यायलेत त्यांच्या कढईत तर फेस येणारच आहे, आपण नाही दाखवला तरी.” मालकानं डोकं खाजवलं आणि म्हणले टाकायच्या आधी एकदा दाखव मला.

रील झाला, थोडे पैसे आणि दोन डबे यावर. फक्त डबे मिळाले असते तरी सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं लागलंच असतं, फुकटची वस्तू पण त्यात धरतात, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 च्या जानेवारीत काढलेल्या सूचनांमध्ये ते आहे. तिनं पहिल्याच फ्रेमवर मोठ्या अक्षरात टाकलं, हॅशटॅगच्या ढिगात लपवलं नाही. आता फेसाची कमेंट आली की मी टाइप करत बसत नाही, रीलची लिंक चिकटवते.